टेपची वाकडी रेष आणि ऐकू न येणारा बायस

कॅसेट असो की स्टुडिओतली मोठी स्पूल, मुद्रण चालू असताना रेकॉर्डिंग हेडच्या गुंडाळीतून दोन प्रवाह एकदम वाहत असतात. एक गाण्याचा. दुसरा माणसाला ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या कंप्रतेचा, यंत्रानुसार साधारण ५० ते १५० किलोहर्ट्झचा, आणि गाण्याच्या प्रवाहापेक्षा कितीतरी पट मोठा. या दुसऱ्या प्रवाहाला बायस म्हणतात. तो बंद करून मुद्रण केलं तर टेपवर काहीतरी उमटतं, पण ते बारीक, फाटलेलं आणि खरखरीत असतं. ज्या प्रवाहाचा गाण्याशी काही संबंध नाही आणि जो परत ऐकताही येत नाही, तो गाणं स्वच्छ कसं करतो, हे समजून घ्यायचं तर आधी टेपचा स्वभाव पाहावा लागेल.

टेप सरळ का वागत नाही

प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे सुईसारखे कण चिकटवलेले असतात. एकेक सुई जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. प्रत्येक सुई हा एक छोटा चुंबक असतो आणि त्याला दोनच अवस्था ठाऊक असतात: उत्तर टोक इकडे किंवा तिकडे. मधली अवस्था नाही. उलटायचं तर बाहेरचं क्षेत्र एका ठरावीक मर्यादेच्या वर जावं लागतं. साध्या फेरिक टेपमध्ये ही मर्यादा सुमारे ३०० ओर्स्टेड असते. क्षेत्र २०० असेल तर सुई जागची हलत नाही, आणि क्षेत्र काढून घेतलं की तिच्यावर काही झाल्याची खूणही उरत नाही.

आता हेडला लहानसा प्रवाह देऊन टेपवर किती चुंबकत्व मागे उरतं ते मोजलं, मग प्रवाह थोडा वाढवून पुन्हा मोजलं, तर आलेख सरळ येत नाही. सुरुवातीला तो जवळजवळ जमिनीलगत सरकतो, मग एकदम चढतो, आणि सगळे कण उलटून झाले की वर आडवा होतो. उलट्या दिशेलाही हेच. दोन्ही बाजू जोडल्या की शून्यापाशी एक सपाट पायरी असलेली वाकडी रेष मिळते.

ही पायरी ध्वनीसाठी घातक आहे. तंबोऱ्याची लहर शून्यातून वर जाते, खाली येते आणि पुन्हा शून्यातून उलट्या बाजूला जाते. दर वेळी शून्य ओलांडताना तिचा तुकडा या सपाट भागात गिळला जातो. लहरीचा आकार बिघडला की तिच्यात नसलेले सूर तयार होतात. इथे बिघाड दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे हे उपरे सूर मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींचे असतात. ४४० हर्ट्झचा सूर दिला की १३२० हर्ट्झचा एक सूर सोबत येतो. यातली वाईट गोष्ट अशी की अँप्लिफायर मोठ्या आवाजाला बिघडवतो, बायस नसलेली टेप मात्र लहान आवाजाचा जास्त नाश करते. मींडेचं शेवटचं टोक, श्वास, हॉलची गुंज हे सगळं त्या पायरीतच राहतं.

पहिला उपाय: एकाच दिशेचा प्रवाह

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पाउलसेननं १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज मुद्रित करणारं यंत्र बनवलं. पुढे त्यानं आणि पेडर पेडरसननं तारेला सतत एका दिशेचा थोडा प्रवाह देण्याची युक्ती काढली. कल्पना साधी होती. आलेखाचा चढाचा भाग बऱ्यापैकी सरळ असतो, तर मग गाण्याला शून्यापाशी खेळू न देता त्या चढाच्या मध्यावर नेऊन बसवायचं.

जर्मनीत एईजी कंपनीनं १९३५ मध्ये मॅग्नेटोफोन बाजारात आणला, तेव्हा त्यातही हाच एकदिश बायस होता. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी लुडविग्सहाफेन इथं सर थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिकचं वादन त्यावर मुद्रित झालं. पण या पद्धतीत दोन खोटी होत्या. चढाचा सरळ भाग आखूड असल्यानं मोठा आवाज लगेच त्याच्या टोकांवर आदळायचा. आणि गाणं थांबलं असतानाही टेप एका दिशेनं चुंबकित झालेली असायची. टेपवरचा थर कुठेच अगदी एकसारखा नसतो, कुठे कण दाट तर कुठे विरळ. चुंबकित थराचा हा खडबडीतपणा हेडला सळसळ म्हणून ऐकू येतो. अशा यंत्रात सर्वांत मोठा आवाज आणि टेपचा खरखराट यांच्यात सुमारे ४० डेसिबलचं अंतर राहायचं. भाषणाला चालेल, वाद्यवृंदाला नाही.

बर्लिन, १९४०

जर्मन नभोवाणीतला अभियंता वॉल्टर वेबर मॅग्नेटोफोनचा खरखराट कमी करण्याच्या खटपटीत होता. एकदा मुद्रण अनपेक्षितपणे स्वच्छ आलं. शोध घेतल्यावर कळलं की अँप्लिफायर बिघडून आपोआप आंदोलनं करत होता आणि त्याची वरच्या कंप्रतेची लहर गाण्यात मिसळून हेडपर्यंत पोचत होती. वेबर आणि हान्स योआखिम फॉन ब्राउनम्यूल यांनी त्या बिघाडाचं तंत्र केलं. १० जून १९४१ रोजी बर्लिनच्या एका मोठ्या चित्रपटगृहात त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. ४० डेसिबलचं अंतर ६० च्या आसपास पोचलं होतं.

कल्पना त्याआधीही सुचलेली होती. अमेरिकन नौदलासाठी काम करणाऱ्या कार्लसन आणि कारपेंटर यांना तारेच्या मुद्रणातल्या अशाच युक्तीचं पेटंट १९२७ मध्ये मिळालं होतं, पण ते विस्मरणात गेलं. जपानमध्ये केन्झो नागाई आणि अमेरिकेत मार्विन कॅमरास यांनीही ती आपापली शोधली. जगाच्या स्टुडिओंत ती शिरली ती मात्र जर्मन वाटेनं. युद्ध संपताना अमेरिकन सैन्यातला जॅक मुलिन बाड नाउहाइमच्या रेडिओ स्टुडिओत पोचला. त्यानं मॅग्नेटोफोनची दोन यंत्रं आणि ५० रिळं घरी पाठवली. त्यातूनच अँपेक्सचं पहिलं यंत्र उभं राहिलं.

शंभर कणांचा हिशेब

बरेच जण बायसचं स्पष्टीकरण रेडिओच्या धर्तीवर देतात, की वरची कंप्रता गाण्याला वाहून नेते. ते चूक आहे. इथे वाहक नाही आणि मॉड्युलेशनही नाही. दोन प्रवाहांची फक्त बेरीज होते. गंमत होते ती टेप हेडपासून दूर जाताना, म्हणजे बायसचं क्षेत्र हळूहळू विझत असताना.

किराण्याच्या दुकानातला जुना काटा गंजून अडकत असेल तर दुकानदार त्याला टिचकी मारतो. काटा थरथरतो, आणि थरथर शमताना जिथं थांबतो ते खरं वजन. बायसचं काम या टिचकीचं आहे. मात्र ही तुलना एवढ्यावरच सोडून आकडे घेतलेले बरे.

समजा टेपच्या एका ठिपक्यात शंभर कण आहेत आणि प्रत्येकाला उलटायला ३०० एकक क्षेत्र लागतं. कण एकटे नसतात. शेजारच्या कणांचं थोडं थोडं क्षेत्र प्रत्येकावर पडत असतं, कुणावर एका दिशेनं, कुणावर दुसऱ्या. हे शेजाराचं क्षेत्र उणे ५० ते अधिक ५० यांच्यात समान पसरलेलं आहे असं धरू. सुरुवातीला टेप पुसलेली, म्हणजे अर्धे कण अधिक दिशेला आणि अर्धे उणे दिशेला.

बायस न देता गाण्याचं १० एककांचं क्षेत्र दिलं. सर्वांत अनुकूल कणावर एकूण ६० एकक पडतात. हवेत ३००. एकही कण हलत नाही. गाणं २५० च्या पुढे गेल्याशिवाय काहीच होणार नाही आणि नंतर एकदम सगळंच होईल. हीच ती पायरी.

आता याच १० एककांवर ६०० एककांचा बायस चढवला. तो वर-खाली होत हळूहळू शून्यावर येतो. सुरुवातीला प्रत्येक झोक्याला सगळेच कण उलटसुलट होतात, त्यामुळे टेपवर आधी काय होतं याची आठवण पुसली जाते. ज्याच्यावर शेजाराचं आणि गाण्याचं मिळून अधिक ५ आहे असा एक कण घेऊ. त्याला अधिक दिशेला ढकलायला बायसचा झोका २९५ चा पुरतो. उणे दिशेला ढकलायला मात्र ३०५ लागतो. विझता विझता बायस ३०५ च्या खाली आला की या कणाला उणे बाजूला नेणारं कुणीच उरत नाही, पण अधिक बाजूला नेणारा झोका अजून येऊ शकतो. म्हणून तो अधिक दिशेला गोठतो. ज्याची बेरीज उणे, तो उणे दिशेला गोठतो. प्रत्येक कणाचा निकाल त्याच्यावरच्या बेरजेच्या चिन्हावर लागतो, बाकी कशावर नाही.

मग मोजायचं एवढंच की किती कणांची बेरीज अधिक आहे. गाणं शून्य असेल तर पन्नासांची. दोन्ही बाजू समसमान, निव्वळ चुंबकत्व शून्य, म्हणून शांततेत टेपही शांत. गाणं १० असेल तर ज्यांचा शेजार उणे १० पेक्षा वर आहे अशा साठांची. साठ विरुद्ध चाळीस, निव्वळ २०. गाणं २० केलं तर सत्तर विरुद्ध तीस, निव्वळ ४०. गाणं ४० केलं तर नव्वद विरुद्ध दहा, निव्वळ ८०. दुप्पट दिलं की दुप्पट उरतं. पायरी नाहीशी झाली.

या हिशेबात दोन गोष्टी लक्ष देण्यासारख्या आहेत. ३०० हा आकडा उत्तरात कुठेच नाही. एखाद्या कणाची मर्यादा २५० असो की ३५०, निकाल तोच, फक्त तो जरा लवकर किंवा उशिरा लागतो. आणि रेष सरळ झाली ती शेजाऱ्यांच्या अव्यवस्थेमुळे. शेजाराचं क्षेत्र नसतंच, तर गाण्याच्या एका एककानंही शंभरच्या शंभर कण एका बाजूला गोठले असते आणि लहान-मोठा आवाज वेगळा राहिलाच नसता. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. टेपचा सरळपणा तिच्या कणांच्या एकमेकांतल्या कुरबुरीतून येतो.

खऱ्या टेपमध्ये शेजाराचं क्षेत्र असं समान पसरलेलं नसतं. मधल्या मूल्यांना गर्दी जास्त आणि टोकांना कमी असते. म्हणून गाणं फार मोठं झालं की रेष एकदम तुटत नाही, हळूहळू वाकते. रॉकचे संगीतकार टेपच्या ज्या ऊबदार दाबाबद्दल बोलतात तो हाच वाक आहे, आणि त्यातही मुख्य भर तिसऱ्या हार्मोनिकचाच असतो.

फट ओलांडताना

वरच्या हिशेबात बायस सावकाश विझत होता. ३०५ आणि २९५ यांच्या मध्ये एखादा झोका पडायला हवा. एक उणे झोका ३२० चा आणि लगेच पुढचा अधिक झोका २७० चा असा आला, तर आपला कण चुकून उणे बाजूलाच अडकेल. म्हणून दोन झोक्यांमध्ये बायस थोडाच कमी झाला पाहिजे. कंप्रता वरची का हवी, याचं पहिलं कारण हे.

हेडला एक बारीक फट असते. तिच्यातून क्षेत्र बाहेर फुगतं आणि टेप त्याखालून सरकते. मुद्रण होतं ते फटीच्या मधोमध नाही, तर बाहेर पडण्याच्या कडेला, जिथं क्षेत्र कणांच्या मर्यादेच्या खाली घसरतं. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते. बायस १०० किलोहर्ट्झचा असेल तर त्याच्या एका आवर्तनात टेप ३.८ मायक्रोमीटर पुढे जाते. क्षेत्र विझण्याचं अंतर फटीच्या रुंदीच्या पटीतलं, म्हणजे मायक्रोमीटरांत मोजावं असंच असतं. त्यामुळे खऱ्या यंत्रात कणांना आदर्श शेकडो झोके मिळत नाहीत, मोजकेच मिळतात. शिवाय फटीपासून दूर जाताना गाण्याचं क्षेत्रही बायसबरोबरच कमी होत जातं. म्हणून प्रत्यक्ष रेष कागदावरच्याइतकी सरळ नसते, पण जवळपास पोचते.

दुसरं कारण शिट्टीचं आहे. बायस ४० किलोहर्ट्झ असेल आणि गाण्यात १५ किलोहर्ट्झचा झांजेचा अंश असेल, तर टेपच्या उरल्यासुरल्या वाकडेपणातून ४० वजा १५ ची दुप्पट, म्हणजे १० किलोहर्ट्झचा सूर तयार होतो. तो कानाच्या टप्प्यात येतो. बायस गाण्याच्या सर्वांत वरच्या कंप्रतेच्या पाचपट ठेवला की असे सूर ऐकण्याच्या मर्यादेबाहेर जातात. बायस स्वतः परत ऐकू येत नाही, कारण त्याची टेपवरची लहर इतकी आखूड असते की ती तिथल्या तिथे बहुतांशी मावळते, आणि उरलेली वाचायला प्लेबॅक हेडची फट पुरेशी बारीक नसते.

किती बायस?

बायस कमी पडला तर जास्त मर्यादा असलेले कण आणि थराच्या खालच्या भागातले कण झोक्यात येतच नाहीत. ते जुन्याच वाकड्या रेषेवर राहतात. बायस जास्त झाला तर मुद्रणाची जागा फटीच्या कडेपासून दूर आणि पसरट होते. खालच्या स्वरांच्या लांब लहरींना त्याचं फारसं काही वाटत नाही, पण वरच्या स्वरांच्या आखूड लहरी त्या पसरट पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत पुसून जातात. म्हणजे विरूपण कमी करायचं तर झांजेची चमक थोडी द्यावी लागते. हा सौदा कुठे तोडायचा ते ठरवण्याला बायस लावणं म्हणतात.

स्टुडिओत ते असं करतात. आधी हेड साफ करून त्यातलं उरलेलं चुंबकत्व काढतात. ३८ सेंटिमीटरच्या वेगावर कोरी टेप लावून १० किलोहर्ट्झचा सूर नेहमीच्या पातळीपेक्षा १० डेसिबल किंवा आणखी खाली ठेवून मुद्रित करतात. पातळी खाली ठेवतात, कारण टेप भरून गेली तर मोजमाप फसवं येतं. मुद्रण चालू असतानाच तिसऱ्या, प्लेबॅक हेडचं मीटर बघत बायसचा स्क्रू अगदी खालून वर फिरवतात. मीटर चढत जातं, एका शिखरावर पोचतं आणि मग उतरू लागतं. शिखर दिसल्यावर तिथं थांबायचं नाही. स्क्रू तसाच फिरवत मीटर शिखरापासून सुमारे ३ डेसिबल खाली येईपर्यंत जायचं. नेमका आकडा टेपची जात, वेग आणि हेडची फट यांवर ठरतो आणि टेपचे उत्पादक तो छापून देत. खालच्या स्वरांचं शिखर याहून जास्त बायसवर येतं, आणि तिसरा हार्मोनिकही सर्वांत कमी तिथेच कुठेतरी असतो. हरवलेली वरची चमक नंतर मुद्रणाच्या इक्वलायझरनं भरून काढतात. क्रम उलटा करून चालत नाही, कारण बायस हलवला की इक्वलायझर पुन्हा लावावाच लागतो.

कॅसेटच्या डेकवर हाच प्रश्न एका खटक्यानं सोडवलेला असे. क्रोम टेपच्या कणांची मर्यादा साध्या फेरिकपेक्षा जास्त, मेटलची त्याहूनही जास्त, म्हणून त्यांना बायसही त्या प्रमाणात चढा लागतो. साध्या खटक्यावर क्रोमची कॅसेट मुद्रित केली तर ती चिरकी आणि फाटकी का वाटते, हे आता वेगळं सांगायला नको.

बिघाड कसा ओळखायचा

बायस कमी असल्याची खूण कानाला चटकन कळते. आवाज वरकरणी उजळ, पण खालच्या स्वरांत खडे हलवल्यासारखी खडखड. जास्त असल्याची खूण उलटी: आवाज गुळगुळीत, पण त्यावर गोधडी टाकल्यासारखा.

तिसरा बिघाड जास्त फसवा आहे. बायसची लहर वर-खाली सारखी नसेल, किंवा हेड स्वतःच चुंबकित झालं असेल, तर कणांवर गाण्याखेरीज एक कायमचं क्षेत्र पडतं. वरच्या हिशेबात गाणं शून्य असताना पन्नास-पन्नासऐवजी पंचावन्न-पंचेचाळीस होईल. म्हणजे १९३६ चा एकदिश बायस मागच्या दारानं परत आला. खरखर वाढते, आणि मोजमापात तिसऱ्याऐवजी दुसरा हार्मोनिक डोकं वर काढतो. टेपवरचा दुसरा हार्मोनिक दिसला की बायसचं प्रमाण बदलत बसू नये. आधी हेडचं चुंबकत्व काढावं आणि तरीही गेला नाही तर ऑसिलेटरची लहर तपासावी. ती समतोल राहावी म्हणूनच चांगल्या यंत्रांत दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीनं ढकलणारा ऑसिलेटर वापरत.

स्वस्तातल्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरांत मात्र खर्च वाचवायला पुसण्यासाठी साधा कायमचुंबक आणि मुद्रणाला एकदिश बायस ठेवत. घरगुती कॅसेटवर आजोबांचा आवाज खरखरीत असतो त्याचं कारण कधी कधी कॅसेट जुनी झाली हे नसतं, तर मुद्रणच तसं झालेलं असतं.

रेडिओवरून टेप करताना

टू-इन-वनवर मध्यम लहरींवरचं गाणं टेप करताना कधी कधी एक बारीक शिट्टी यायची आणि मुद्रणाचं बटण सोडलं की ती गायब व्हायची. दोष केंद्राचा नव्हता. समजा यंत्राचा बायस ६२.५ किलोहर्ट्झचा आहे. त्याची एकोणिसावी पट होते ११८७.५. मुंबईची विविध भारती ११८८ किलोहर्ट्झवर. एकाच डब्यात शेजारी बसलेल्या ऑसिलेटरची ही पट रेडिओच्या अँटेनात शिरते, आणि दोघांतलं अर्ध्या किलोहर्ट्झचं अंतर ५०० हर्ट्झची शिट्टी होऊन गाण्यासोबत मुद्रित होतं. काही यंत्रांच्या मागच्या बाजूला बीट कट नावाचा छोटा खटका असे. तो बायसची कंप्रता किंचित सरकवतो. ती ६२.५ वरून ६३.५ वर नेली की एकोणिसावी पट १२०६.५ वर जाते, विविध भारतीपासून साडेअठरा किलोहर्ट्झ लांब, आणि शिट्टी बंद पडते. गाण्याच्या मुद्रणावर एवढ्याशा बदलाचा काही परिणाम होत नाही.